बहिणीला पत्र: इंग्लंडमधल्या अर्धवेळ पगारातून कर का कापला जातो आणि परत का येतो

सह्याद्रीवारा | ४ जानेवारी २०२६

धाकटी बहीण लीड्सला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी गेली आहे. वय २१. ऑक्टोबरपासून एका कॅफेत काम करते. तीन महिने पगारातून कर कापला जातोय आणि त्याच कॅफेत तेवढेच तास काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीचा एक पौंडही कापलेला नाही. फोनवर दोनदा समजावलं, पण आकडे समोर असल्याशिवाय नीट कळत नाही म्हणून सविस्तर पत्र लिहिलं आहे. उद्या पाठवणार आहे. पगाराच्या कामातले जाणकार इथे आहेत, त्यांनी एकदा नजर टाकावी. चुकीचं काही तिच्या हाती पडायला नको.

---

प्रिय छोटे,

तुझ्या तिन्ही पेस्लिप पाहिल्या. कापलेला कर सध्या तरी तुझ्याकडून निघत नाही, तो परत मिळेल. पण तो का कापला गेला हे आधी समजून घे, कारण ते कळलं की परत कसा मागायचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.

तिकडचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. एका वर्षात पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही. त्यावरच्या रकमेवर २० टक्के. तू ऑक्टोबरमध्ये कामाला लागलीस, म्हणजे वर्ष निम्मं सरल्यावर. एप्रिलपर्यंत आठवड्याला २० तास आणि सुटीत थोडं जास्त केलंस तरी तुझी कमाई साडेसात-आठ हजारांच्या पुढे जाणार नाही. म्हणजे या वर्षी तुझा कर शून्य.

मग कापला कसा? कॅफेचा मालक वर्ष संपायची वाट बघत नाही. दर महिन्याला पगार काढतानाच त्याला कर कापून सरकारजमा करावा लागतो. किती कापायचा हे तो स्वतः ठरवत नाही, तुझ्या नावापुढचा टॅक्स कोड ठरवतो. हा कोड पेस्लिपवर वरच्या बाजूला, तुझ्या कर्मचारी क्रमांकाच्या आसपास बारीक अक्षरात असतो. तुझा आहे 0T M1. मैत्रिणीची पेस्लिप बघ, तिचा 1257L असणार.

1257L म्हणजे १२,५७० ची सूट या नोकरीत द्यायची. शेवटचा आकडा गाळून लिहितात. ही सूट एकदम मिळत नाही, ती महिन्यागणिक साठत जाते, महिन्याला साधारण १,०४८ पौंड. आणि ती साठायला ६ एप्रिलपासून सुरुवात होते, तू नोकरीला लागल्यापासून नाही. ऑक्टोबरअखेरचा पगार हा करवर्षाचा सातवा महिना. तोपर्यंत मैत्रिणीच्या नावावर सात महिन्यांची सूट, म्हणजे सात हजारांहून जास्त जमा होती. तिने हजारभर कमावले. कर कशावर लागणार?

तुझ्या कोडमधल्या 0T चा अर्थ सूट शून्य. पहिल्या पौंडापासून २० टक्के. आणि M1 चा अर्थ मागचं काही बघू नकोस, दर महिना वर्षाचा पहिलाच महिना समज. या दोन्हींमुळे तुझं असं झालं:

ऑक्टोबर: ८० तास, ताशी १२.२१ प्रमाणे ९७६.८० पौंड. कर १९५.२०.
नोव्हेंबर: तेवढेच तास, तेवढाच पगार. कर १९५.२०.
डिसेंबर: दोन आठवडे २० तास आणि नाताळच्या सुटीचे दोन आठवडे ४० तास, एकूण १२० तास, १,४६५.२० पौंड. कर २९३. शिवाय नॅशनल इन्शुरन्स ३३.३८.

तीन महिन्यांचा कर मिळून ६८३.४० पौंड.

हा कोड तुला का लागला तेही तूच मला सांगितलंस. कामावर घेताना मॅनेजरने स्टार्टर चेकलिस्ट नावाचा फॉर्म दिला होता. त्यात नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारला होता, तुझा तेव्हा आला नव्हता, म्हणून ‘नंबर आला की देते’ म्हणत फॉर्म बॅगेत राहिला. तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म देता येतो. कामाची परवानगी दाखवली की नंबर येण्याआधीही काम सुरू करता येतं. फॉर्म न मिळाल्यामुळे तुझी दुसरी नोकरी आहे का, आधी काही कमावलंस का, हे मालकाला कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी 0T लावायचा हा नियमच आहे. त्याने चूक केलेली नाही.

आता काय करायचं. फॉर्ममध्ये तीन विधानं असतात, त्यातलं एक निवडायचं. A: ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिली नोकरी. B: आधी दुसरी होती, आता ती संपली. C: दुसरी नोकरी आत्ताही चालू आहे. तू A वर खूण कर आणि फॉर्म, आता आलेल्या नंबरासकट, मॅनेजरला दे. मॅनेजर ते सरकारला कळवेल आणि सरकारकडून नवा कोड येईल, 1257L, शेवटी M1 नसलेला. तो जानेवारीच्या पगाराआधी आला तर सॉफ्टवेअर पहिल्यापासून हिशेब करेल: आतापर्यंतची कमाई ४,३९५.६०, दहा महिन्यांची सूट दहा हजारांच्या वर, देय कर शून्य, भरलेला कर ६८३.४०. ते ६८३.४० त्याच पगारात परत येतील. परताव्यासाठी वेगळा अर्ज नाही. म्हणूनच सांगतो, हे ५ एप्रिलच्या आत उरक. नंतर सरकारकडे वेगळा दावा करावा लागतो. तो चार वर्षं करता येतो, पण तुला पैसे भाड्याला आत्ता हवे आहेत.

एक गोष्ट परत येणार नाही, ते ३३.३८ पौंड. नॅशनल इन्शुरन्स हा आयकर नाही. तो प्रत्येक पगाराचा स्वतंत्र हिशेब करतो, वर्षभराची बेरीज बघतच नाही. महिन्याला १,०४८ च्या वर जेवढी रक्कम गेली त्याच्या ८ टक्के. डिसेंबरमध्ये तू ४१७.२० ने वर गेलीस, त्याचे ८ टक्के ३३.३८. बाकीच्या महिन्यांत खाली होतीस म्हणून तिथे शून्य.

पेस्लिप फेकू नकोस. तिन्हींचे फोटो मला पाठवलेसच, तसेच एका फोल्डरमध्ये ठेव.

तुझा,
दादा

---

मोकळा_श्वास | ४ जानेवारी

पत्र छान, पण मुळातच गडबड आहे असं वाटतं. विद्यार्थ्यांना तिकडे टॅक्स माफ असतो. माझ्या पुतणीने युनिव्हर्सिटीचं एक पत्र दाखवलं आणि तिला एक पैसा भरावा लागला नाही. तेच पत्र कॅफेत दिलं की काम होईल. कोडबिडच्या भानगडीत कशाला पडायचं?

---

जमाखर्च | ४ जानेवारी

@मोकळा_श्वास, तुम्ही सांगताय ते खरं आहे, पण ते कौन्सिल टॅक्सबद्दल. घरावर लागणारा, महापालिकेकडे जाणारा कर. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ आहे आणि त्यासाठी युनिव्हर्सिटीचं पत्र लागतं. आयकरात विद्यार्थी म्हणून वेगळी माफी नाही. विद्यार्थ्याला बहुतेक वेळा कर लागत नाही तो कमाई १२,५७० च्या आत असते म्हणून. ते पत्र कॅफेत दिलं तर मॅनेजर फाइलला लावेल आणि कोड आहे तसाच राहील.

@सह्याद्रीवारा, पत्रातले आकडे तपासले, बरोबर आहेत. ९७६.८० मधले पेन्स सोडून ९७६ वर २० टक्के, १९५.२०. हिशेब पूर्ण पौंडावर होतो, तसाच तुम्ही केलाय. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे एनआय, वेगळा काढलात हेही चांगलं केलंत. तिथे लोक हमखास गफलत करतात आणि वर्षअखेरीला त्याच्या परताव्याची वाट बघत बसतात.

पण पत्र उद्या पाठवू नका. A वर खूण करायला सांगण्याआधी तिला एक प्रश्न विचारा: सप्टेंबरमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात, तिने युनिव्हर्सिटीसाठी काही काम केलं होतं का? नव्या मुलांना रस्ता दाखवणं, नोंदणीच्या रांगेत उभं राहणं, असं एक-दोन दिवसांचं. भारतीय मुलं ही कामं करतात आणि त्याला नोकरी म्हणून मोजत नाहीत. पैसे मात्र युनिव्हर्सिटीच्या पगारखात्यातून येतात. तिथेही स्टार्टर चेकलिस्ट भरलेली असते, आणि ती पहिलीच असल्यामुळे A वर खूण केलेली असते.

---

आजोळ | ५ जानेवारी

विषय कापलेल्या कराच्या परताव्याचा दिसतोय म्हणून विचारते. मुलाची फी पाठवताना बँकेने पाच टक्के कापून घेतले. तेही याच पत्रात सांगितल्याप्रमाणे परत येतील का? कुठला फॉर्म?

---

जमाखर्च | ५ जानेवारी

आजोळताई, तुमचा तो टीसीएस, भारतातला. त्याचा इंग्लंडच्या पगाराशी संबंध नाही. २०२५-२६ मध्ये स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर, वर्षाला १० लाखांच्या वर जेवढं जाईल त्यावर ५ टक्के. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६एएसमध्ये तो दिसेल, आणि त्याच व्यक्तीने भारतात विवरणपत्र भरताना देय करातून वजा करायचा. जास्तीचा उरला तर परतावा. बँकेच्या किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली असेल तर टीसीएस लागायलाच नको होता, तेवढं बघा. पुढचं वेगळ्या धाग्यावर विचाराल का? इथे दोन देशांचे कर मिसळले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

---

सह्याद्रीवारा | ५ जानेवारी

विचारलं. दोन दिवस, मिळून १४ तास, युनिव्हर्सिटीच्या स्वागतकक्षावर. १७०.९४ पौंड मिळाले, कर कापला नव्हता. ती म्हणते, ‘दादा, ती काय नोकरी होती का?’ पत्र थांबवलं आहे. आता B वर खूण करायची ना, कारण ते काम तर सप्टेंबरातच संपलं?

---

जमाखर्च | ५ जानेवारी

काम संपलं, पण नोकरी संपली का हे बघावं लागेल. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

युनिव्हर्सिट्या अशा मुलांना बहुधा कॅज्युअल यादीत घेतात. काम असेल तेव्हा बोलावतात, नसेल तेव्हा नाव तसंच यादीत राहतं. नोकरी संपल्याची तारीख सरकारकडे कळवलेली नसते, नोकरी सोडताना मिळणारा पी ४५ हा दाखलाही दिलेला नसतो. त्यामुळे एचएमआरसी या तिकडच्या करखात्याच्या नोंदीत तिच्या दोन नोकऱ्या चालू दिसतात. युनिव्हर्सिटीची आधीची, म्हणून १२,५७० ची सगळी सूट तिथे ठेवलेली. कॅफेची दुसरी, म्हणून तिथे सूट नाही.

पी ४५ मिळाला असेल तर नोकरी संपली, मग B. पण B मुळे 1257L M1 लागतो हे लक्षात असू द्या. पुढच्या महिन्यांचा कर थांबतो, मागचे ६८३.४० मात्र तसेच अडकून राहतात, कारण M1 मागे बघत नाही. त्यापेक्षा तो पी ४५ च कॅफेत द्यायचा. त्यावरचा कोड साधा 1257L असेल तर कॅफे तोच पुढे चालवेल आणि मागचंही परत येईल. पी ४५ मिळाला नसेल आणि नाव यादीत असेल तर खरं उत्तर C आहे. त्याने BR लागेल, म्हणजे पुन्हा सरसकट २० टक्के. पण फॉर्मवर सही असते, खोटी खूण करू नये.

तोवर तिला एचएमआरसीच्या ॲपमध्ये किंवा GOV.UK वरच्या पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये जायला सांगा. नंबर आला आहे, त्यामुळे खातं उघडता येईल. ओळख पटवताना पेस्लिपवरचे आकडे विचारले जाऊ शकतात, त्या हाताशी ठेवा. आत चालू वर्षाखाली नोकऱ्यांची यादी आणि प्रत्येकीपुढे कोड दिसेल. 1257L कुठल्या नावापुढे आहे ते बघा.

आणि कराइतकंच महत्त्वाचं: विद्यार्थी व्हिसावरचे आठवड्याचे २० तास सगळ्या नोकऱ्यांचे मिळून असतात. आठवडा सोमवार ते रविवार. कॅफेत २० झाले असताना युनिव्हर्सिटीने दोन तासांसाठी बोलावलं आणि ती गेली, तर व्हिसाची अट मोडली.

---

दोन_पाळ्या | ६ जानेवारी

माझं अगदी असंच होतं, फक्त दोन्ही नोकऱ्या खऱ्याच चालू होत्या. दुकानात १२ तास, ग्रंथालयात ८. दुकानावर 1257L, ग्रंथालयावर BR. दुकानाची सूट निम्मी वाया जायची आणि ग्रंथालयातून मात्र दर महिन्याला २० टक्के कापायचे. ऑनलाइन संदेश पाठवून सूट दोन्हीकडे विभागून मागितली, मिळाली.

माझा मुद्दा वेगळा आहे. एनआय प्रत्येक मालकाकडे स्वतंत्र मोजतात. दोन्हीकडे महिन्याला १,०४८ च्या खाली असल्यामुळे मला तो कधीच लागला नाही. एकाच ठिकाणी सगळे तास केले असते तर सुटीच्या महिन्यांत लागला असता. मग दुसरी नोकरी ठेवणंच फायद्याचं नाही का?

---

जमाखर्च | ६ जानेवारी

एनआयबद्दल तुमचं बरोबर आहे, मालक वेगवेगळे आणि एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर. पण या मुलीचा डिसेंबरचा सगळा एनआय ३३ पौंड. तेवढ्यासाठी दोन मालक, दोन वेळापत्रकं आणि २० तासांची दुहेरी मोजदाद सांभाळायला मी सांगणार नाही. सूट विभागून घेण्याचा तुमचा उपाय मात्र दोन खऱ्या नोकऱ्या असणाऱ्यांसाठी अगदी योग्य आहे.

---

निळी_छत्री | ९ जानेवारी

वय २१ लिहिलंय म्हणून सांगते. ती २२ ची झाली की पेस्लिपवर आणखी एक ओळ येईल, पेन्शनची. २२ पूर्ण आणि महिन्याचा पगार ८३३ पौंडांच्या वर असेल तर मालकाला नाव घालावंच लागतं, आणि ती ९७६ कमावते. बरेच जण ही कपात कर समजून परताव्याच्या बेरजेत धरतात. ती त्या मार्गाने परत येत नाही. नाव घातल्याचं पत्र आल्यापासून महिन्याच्या आत बाहेर पडलं तर कापलेलं सगळं परत मिळतं. महिना उलटला तर पैसे साधारणपणे निवृत्तीच्या वयापर्यंत तिथेच.

---

सह्याद्रीवारा | ९ जानेवारी

मार्चमध्ये २२ पूर्ण होतील. बाहेर पडलेलंच बरं ना? ती तिकडे राहणार की परत येणार हे अजून ठरलेलं नाही.

---

निळी_छत्री | ९ जानेवारी

मी बाहेर पडू नका असं म्हणेन. मालकही आपल्या बाजूने भर घालतो, ती बाहेर पडलात की जाते.

---

दोन_पाळ्या | १० जानेवारी

मी उलट सांगेन. वर्षभराच्या कोर्सला आलेल्या मुलीचे महिन्याचे वीस-पंचवीस पौंड पंचावन्न-सत्तावन्न वर्षांच्या वयापर्यंत अडकवून काय करायचं? पुढे पत्ता बदलतो, फोन बदलतो, खातं विसरलं जातं.

---

सह्याद्रीवारा | १ फेब्रुवारी

जानेवारीची पेस्लिप आली, म्हणून धागा वर आणतोय. ॲपमध्ये @जमाखर्च म्हणाले तेच निघालं. युनिव्हर्सिटीची नोकरी ‘चालू’, तिच्यापुढे 1257L. कॅफेपुढे BR. पी ४५ कधीच मिळाला नव्हता. हे सगळं कळेपर्यंत जानेवारीचा पगार निघून गेला होता, त्यामुळे ९७६.८० मधून पुन्हा कर कापला गेला.

एक गोष्ट मात्र कळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तेवढ्याच पगारावर १९५.२० कापले होते. या वेळी १९५.६०. हे ४० पेन्स कुठून आले? कॅफेने चूक केली का?

---

जमाखर्च | १ फेब्रुवारी

चूक नाही, आणि ते ४० पेन्स ही चांगली खूण आहे.

BR च्या पुढे M1 लिहिलेलं नाही ना? नसणारच. म्हणजे या कोडने पहिल्यापासून बेरीज केली. चार महिन्यांची कमाई ४,३९५.६०. पेन्स सोडून ४,३९५, त्याचे २० टक्के ८७९. आधी भरलेले ६८३.४०. फरक १९५.६०. आधीच्या महिन्यांत M1 मुळे दर महिन्याचे पेन्स वेगळे सोडले जात होते, आता एकदाच सोडले. म्हणून ४० पेन्सचा फरक.

याचा अर्थ कॅफेच्या सॉफ्टवेअरमध्ये आता ८७९ ही ‘आतापर्यंत भरलेला कर’ अशी रक्कम धरलेली आहे. जेव्हा या कोडच्या जागी साधा 1257L येईल, तेव्हा त्याच पगारात ८७९ पूर्ण परत येतील. फेब्रुवारीत आला तर ९७६.८० अधिक ८७९, हातात १,८५५.८०. युनिव्हर्सिटीचे १७०.९४ बेरजेत आले तरी अकरा महिन्यांच्या सुटीपुढे ते काहीच नाहीत.

आता सूट इकडे आणायचे दोन मार्ग. युनिव्हर्सिटीच्या पगारखात्याला ईमेल करून यादीतून नाव काढायला आणि पी ४५ द्यायला सांगायचं. किंवा नाव तिथे ठेवून एचएमआरसीला कळवायचं की मुख्य नोकरी कॅफे आहे, सूट तिकडे हलवा. पहिला मार्ग नोंदी स्वच्छ करतो. दुसऱ्यात यादीतलं नाव टिकतं.

---

सह्याद्रीवारा | २ फेब्रुवारी

तिला नाव यादीत ठेवायचं आहे. ईस्टरच्या सुटीत परीक्षाविभागात काम मिळेल म्हणते, ताशी दर कॅफेपेक्षा जास्त. पण पी ४५ ही हाताशी असावा असं वाटतं.

ईस्टरवरून आठवलं, एप्रिलपासून नवं वर्ष. त्यात कोड बरोबर असेल तर हे पुन्हा होणार नाही ना? आणि उन्हाळ्यात ती पूर्णवेळ काम करणार आहे, तेव्हा?

---

जमाखर्च | २ फेब्रुवारी

कोड बरोबर असला तरी थोडं कापून परत येणं होऊ शकतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. समजा ईस्टरच्या सुटीत पूर्णवेळ काम करून एप्रिलअखेर १,८०० पौंड आले. वर्षाचा पहिलाच महिना, साठलेली सूट १,०४८. वरच्या साडेसातशेवर साधारण १५० कर जाईल. मेमध्ये परीक्षेमुळे फक्त २०० कमावले, तर दोन महिन्यांची कमाई २,००० आणि दोन महिन्यांची सूट २,०९६. ते १५० मेच्या पगारात आपोआप परत. एप्रिलचा एनआय मात्र गेला तो गेला.

उन्हाळ्याचं थांबवा. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळा ही सुटी नसते, तो प्रबंधाचा काळ असतो आणि बहुतेक युनिव्हर्सिट्या तो शिक्षणकाळातच धरतात. २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू. पूर्णवेळ फक्त नाताळ, ईस्टर आणि कोर्स संपल्याच्या अधिकृत तारखेनंतर. तिच्या युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून तारखा लेखी घ्या. पदवीच्या मुलांना उन्हाळा मिळतो, त्यांच्याकडून ऐकून मास्टर्सची मुलं फसतात.

आणि कोर्सनंतर तिथेच पूर्णवेळ नोकरी लागली, तर पुढच्या वर्षी सगळा कर परत येईल असं धरून चालू नका. वर्षाची बेरीज १२,५७० च्या पुढे गेली की वरच्या रकमेचा २० टक्के हा खरोखरचा कर. देश सोडून परत येणार असेल तर पी ८५ हा फॉर्म भरून हिशेब मिटवायचा.

---

मोकळा_श्वास | ३ फेब्रुवारी

कौन्सिल टॅक्सचं माझं चुकलंच, पुतणीला विचारून खात्री केली. तिने आणखी एक सांगितलं. तिच्या मोबाइलवर ‘तुमचा कर परतावा तयार आहे, लिंकवर बँकेचे तपशील भरा’ असा मेसेज आला होता आणि तिने भरले. पैसे गेले. तुमच्या बहिणीला सांगून ठेवा, ती परताव्याची वाटच बघते आहे.

---

जमाखर्च | ३ फेब्रुवारी

हे फार योग्य वेळी सांगितलंत. तिचा परतावा कॅफेच्या पगारातून येणार आहे, त्यासाठी बँकेचे तपशील कोणाला द्यायची गरजच नाही. ५ एप्रिलपर्यंत कोड बदलला नाही तर मग पी ६० हा वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला आल्यावर, तो ३१ मेपर्यंत कॅफेने द्यायचा असतो, स्वतः GOV.UK वर जाऊन दावा करायचा. मेसेजमधल्या लिंकवरून कधीच नाही. फुकट होणारं हे काम वाटा घेऊन करून देणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांचीही गरज नाही.

---

सह्याद्रीवारा | ६ फेब्रुवारी

तिने दोन्ही केलं. युनिव्हर्सिटीच्या पगारखात्याला ईमेल, सप्टेंबरचं काम संपल्याची तारीख नोंदवून पी ४५ द्या म्हणून. त्यांनी कळवलं की ईस्टरला काम लागलं तर तिला नव्याने नोंदवून घेतील, तेव्हा पुन्हा चेकलिस्ट भरावी लागेल. आणि ॲपमध्ये ती नोकरी संपल्याचं कळवलं. कॅफेच्या मॅनेजरलाही सांगून ठेवलं आहे की पी ४५ येतोय. फेब्रुवारीच्या पगाराची यादी २० तारखेला बंद होते म्हणाला, त्याआधी कोड आला तर याच महिन्यात, नाहीतर मार्चमध्ये.

पत्रातला A चा परिच्छेद काढून नव्याने लिहिला आणि काल पाठवलं. पेन्शनचं तिच्यावर सोडलं आहे. पेस्लिप आली की इथे आकडा टाकतो.

---

दोन_पाळ्या | ६ फेब्रुवारी

ईस्टरला युनिव्हर्सिटीत पुन्हा नाव घातलं की तिथे C वर खूण करायला सांगा, कॅफे चालू असेल तर. नाहीतर सूट पुन्हा तिकडे जाऊन बसेल.

---

जमाखर्च | ७ फेब्रुवारी

+१. आणि ते काम ६ एप्रिलच्या आधी सुरू झालं की नंतर, हे आधी विचारून ठेवा.